फॉर्मवरचे 1095 दिवस: कॅशलेस नाकारल्यावर फेरविचाराचं पत्र

आमच्या हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या टीपीएशी व्यवहार करणाऱ्या टेबलावर, कुणी नवीन आलं की मी त्यांना एक जुनी फाईल वाचायला देते. नाव झाकलेलं आहे, बाकी सगळं तसंच ठेवलंय. त्यात एक चूक आहे आणि ती माझी आहे. ती शोधून काढा, एवढंच सांगते. बहुतेकांना अर्धा तास लागतो.

पेशंट लासलगावकडचे कांद्याचे व्यापारी, वय 58. उजव्या जांघेत हर्निया, दुर्बिणीतून जाळी बसवायचं ऑपरेशन ठरलेलं. तारीख बुधवार, 12 नोव्हेंबर 2025. पाच लाखांची पॉलिसी, 14 जुलै 2023 ला काढलेली आणि दरवर्षी वेळेवर रिन्यू केलेली. खर्चाचा अंदाज 1,05,000 रुपये. मी शुक्रवारी सकाळी प्री-ऑथ, म्हणजे बिल थेट विमा कंपनीने द्यावं यासाठीचा कॅशलेस मंजुरीचा अर्ज, पाठवला आणि मनातल्या मनात ही केस पास झाली असं धरून टाकलं. हर्नियाला 24 महिन्यांचा वेटिंग पीरियड असतो, तोवर दावा मिळत नाही; तो जुलैतच संपला होता.

तासाभरात क्वेरी आली: आजाराचा नेमका कालावधी सांगा, पहिल्या तपासणीचा कागद जोडा. मी आमचा ओपीडी केसपेपर स्कॅन करून पाठवला. संध्याकाळी डिनायल. आजार पॉलिसीपूर्वीचा दिसतो, त्यामुळे या टप्प्यावर कॅशलेस देता येत नाही, कलम Excl01.

केसपेपरवर आमच्या आरएमओने, म्हणजे हॉस्पिटलच्या निवासी डॉक्टरने, लिहिलं होतं, उजव्या जांघेत सूज, तीन वर्षं. प्री-ऑथ फॉर्ममध्ये 'सध्याच्या आजाराचा कालावधी' हा रकाना दिवसांत भरायचा असतो. मी तीनला 365 ने गुणून 1095 लिहिलं होतं. काका ओपीडीत बोलले होते ते असं: "झाली असतील तीनेक वर्षं." त्यातलं 'असतील' आरएमओच्या पेनातून गळलं, 'तीनेक'चे तीन झाले आणि मी त्या तीनचे मोजून 1095 दिवस केले. नोव्हेंबर 2025 मधून 1095 दिवस वजा केले की नोव्हेंबर 2022 येतो, म्हणजे पॉलिसीच्या आठ महिने आधी. टीपीएच्या डॉक्टरनेही हीच वजाबाकी केली. त्याच्या जागी मी असते तरी मला शंका आली असती.

इथे दोन वेगळी घड्याळं चालतात, ती समजून घ्या. ठरावीक आजारांच्या यादीतलं घड्याळ 24 महिन्यांचं, ते Excl02. आधीपासून असलेल्या आजाराचं घड्याळ वेगळं, ते Excl01, आणि या पॉलिसीत ते 36 महिन्यांचं होतं. एकच आजार दोन्हीत बसत असेल तर जे लांब ते लागू होतं, असं कलमातच लिहिलेलं असतं. म्हणजे हर्निया 'आधीचा' ठरला तर काकांना जुलै 2026 पर्यंत थांबावं लागणार. 24 महिने झालेत हो, असं फोनवर कितीही ओरडून सांगितलं तरी उपयोग नाही, कारण तो मुद्दाच नव्हता. नवीन मंडळी इथेच फसतात. डिनायल ज्या कलमाखाली आलंय ते सोडून भलत्याच कलमाला उत्तर लिहितात.

शनिवारी सकाळी काका-काकू डेस्कवर आले. सोबत पुतण्या होता. तो म्हणाला, "मॅडम, तीन वर्षांचं तीन महिने करून टाका ना. एक कागद तर बदलायचाय." हे दर महिन्याला कुणीतरी म्हणतंच. केसपेपर बदलायचा नाही. एक तर तो खोटा कागद होतो. दुसरं म्हणजे जुना स्कॅन टीपीएकडे गेलेलाच असतो, दोन कागद शेजारी ठेवले की फाईल संपली. मग कॅशलेसच काय, रीइम्बर्समेंटसुद्धा अडकतं आणि हॉस्पिटलचं नाव त्यांच्या तपास विभागाकडे जातं ते वेगळंच.

बदलायचं नाही, तर मग करायचं काय? मी पॉलिसीचं बुकलेट मागवलं आणि व्याख्यांचं पान काढलं. आधीपासूनचा आजार म्हणजे काय, हे तिथे स्पष्ट असतं: पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ठरावीक काळात ज्याचं डॉक्टरने निदान केलं, किंवा ज्यासाठी डॉक्टरने सल्ला वा उपचार दिले, तो आजार. हा ठरावीक काळ पूर्वी 48 महिने असे, 2024 च्या नियमांनी तो 36 झाला. या व्याख्येत सूज कधी दिसली याला जागाच नाही. दुखणं कधी सुरू झालं यालाही नाही. डॉक्टरने काय आणि कधी सांगितलं, एवढंच पाहायचं.

म्हणून मी काकांना विचारलं, पॉलिसी काढायच्या आधी कुठल्याही डॉक्टरला हे दाखवलं होतं का? एखाद्या डॉक्टरने हर्नियाचा पट्टा लावायला सांगितला होता का? कुठे सोनोग्राफी? हे प्रश्न पत्र लिहायच्या आधी विचारायचे, आणि उत्तर 'हो' आलं तर तिथेच थांबायचं. 2022 मध्ये एखाद्या डॉक्टरने पट्टा दिला असता तर टीपीएचं म्हणणं बरोबर ठरलं असतं आणि मी ही केस लढवली नसती. काका गप्प राहिले. उत्तर काकूंनी दिलं. "दाखवलं असतं तर आज इथं कशाला आलो असतो? दोन दिवाळ्या झाल्या, मी मागं लागलीय. म्हणायचे, गोण्या उचलल्या की होतं असं." सप्टेंबरमध्ये चालताना दुखायला लागलं तेव्हा ते गावच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांची चिठ्ठी होती, 9 सप्टेंबरची, आणि सोनोग्राफी 11 सप्टेंबरची.

आणखी एक कागद मी मुद्दाम पाहिला, पॉलिसी काढताना भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत. बऱ्याचदा ती बुकलेटच्या शेवटीच असते. त्यात प्रश्न होता, कुठल्या आजाराचं निदान झालंय का, उपचार चालू आहेत का? काकांनी 'नाही' म्हटलं होतं आणि ते खरं होतं. काही कंपन्यांच्या फॉर्ममध्ये 'कुठलीही गाठ, सूज किंवा लक्षण' असंही विचारलेलं असतं. तिथे 'नाही' लिहिलं असेल तर माहिती दडवल्याचा मुद्दा उभा राहतो आणि आपली बाजू बरीच कमकुवत होते. तसं असेल तर नातेवाइकांना आधीच स्पष्ट सांगा.

मग सर्जनसाहेबांकडे गेले. त्यांनी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या, खाली सही, शिक्का आणि मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर. आशय असा: पेशंटने सूज अंदाजे तीन वर्षांपासून असल्याचं सांगितलं. या काळात वैद्यकीय सल्ला घेतल्याची नोंद नाही. निदान पहिल्यांदा सप्टेंबर 2025 मध्ये झालं. सूज नेमकी किती जुनी हे तपासून सांगता येत नाही. त्यांनी आधी 'तीन महिन्यांपासून' असं लिहायला घेतलं होतं, मी हात जोडून थांबवलं. 'तीन वर्षं' हे शब्द डॉक्टरांच्या पत्रात आपणहून आले की समोरचा विश्वास ठेवतो.

फेरविचाराचं पत्र एका पानाचं केलं. ते इंग्रजीतच जातं, पण त्याची रचना सांगते. वर क्लेम नंबर, पॉलिसी नंबर, डिनायलची तारीख आणि वेळ. मग डिनायलचं कारण त्यांच्याच शब्दांत, अवतरणात. मग पॉलिसीतली व्याख्या, पान क्रमांकासह. त्यानंतर दोनच वाक्यं: फॉर्ममधले 1095 दिवस हे पेशंटने अंदाजाने सांगितलेल्या लक्षणाचे आहेत, निदानाचे नाहीत; पॉलिसीपूर्वीच्या निदानाचा किंवा सल्ल्याचा कागद आपल्याकडे असल्यास कृपया दाखवावा. शेवटी मागणी एकच, कॅशलेसचा फेरविचार करावा. गरीब पेशंट आहे, ऑपरेशन तातडीचं आहे, असलं काही लिहिलं नाही. ऑपरेशन प्लॅन्ड होतं, तातडीचं म्हटलं असतं तर ते खोटंच ठरलं असतं. जोडलेले कागद चार: डॉक्टरांचं पत्र, गावची चिठ्ठी, सोनोग्राफी, प्रपोजल फॉर्म. मेल टीपीएला पाठवला आणि विमा कंपनीच्या क्लेम विभागाला प्रत. टीपीए कंपनीच्या वतीने काम करतो. दावा शेवटी नाकारायचा की नाही हे कंपनी ठरवते. ती प्रत ठेवायला विसरू नका.

सोमवारी उत्तर आलं: डिनायल कायम. पत्र उघडलं तरी होतं का, असा संशय आला. मग मी टीपीएच्या मेडिकल ऑफिसरला फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, थ्री इयर्स तुम्हीच लिहिलंय." मी म्हटलं, "हो सर, आणि आम्ही ते खोडलेलं नाही. सूज तीन वर्षांची असेल. निदान सप्टेंबरचं आहे. व्याख्या पत्रातच पान क्रमांकासह दिली आहे, आत्ता उघडता का?" कागदांचा आवाज आला, मग "पुन्हा मेल करा, माझ्या नावाने." तोच मेल पुन्हा पाठवला, एक शब्दही न बदलता.

दरम्यान काकांना दुसरी बाजू समजावून ठेवली होती. कॅशलेस नाकारलं म्हणजे दावा नाकारला असं होत नाही. पैसे भरून ऑपरेशन करून घेता येतं आणि नंतर रीइम्बर्समेंट मागता येते. तेही नाकारलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. नाशिकसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, फी लागत नाही. पण ही तक्रार विमाधारकाने करायची, हॉस्पिटलला ती करता येत नाही. आपण फक्त कागद व्यवस्थित लावून द्यायचे.

मंगळवारी संध्याकाळी 70,000 ची प्राथमिक मंजुरी आली. पुतण्या म्हणाला, "एक लाख पाच मागितले होते ना?" पहिली मंजुरी बहुधा कमीच येते, उरलेलं शेवटच्या बिलावर ठरतं, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

ऑपरेशन बुधवारी झालं, शुक्रवारी डिस्चार्ज. बिलाची फाईल वर पाठवायच्या आधी मी डिस्चार्ज समरी वाचली. आमच्या सिस्टिममध्ये ती ॲडमिशन नोटवरून आपोआप भरते, आणि पहिल्याच ओळीत उभं होतं: उजव्या जांघेत सूज, तीन वर्षं. निदानाची तारीख कुठेच नाही. मी धावत वॉर्डात गेले. आरएमओने त्यापुढे वाक्य जोडलं, पेशंटच्या अंदाजानुसार, प्रथम निदान सप्टेंबर 2025, आणि सही केली. मगच फाईल गेली. अंतिम मंजुरी आली तेव्हा ग्लोव्हज वगैरे विम्यात न मिळणाऱ्या वस्तूंचे 3,860 रुपये काकांनी रोख भरले आणि पावती खिशात घालायच्या आधी दोनदा वाचून पाहिली.