बॅकअप नऊ मिनिटांवर आला? नवी बॅटरी घेण्याआधी या चुका टाळा

दर एप्रिलमध्ये फोन सुरू होतात. "लाईट गेली की दहा मिनिटांत इन्व्हर्टर टूं टूं करून बंद पडतो, बॅटरी गेली वाटतं. नवी केवढ्याला पडेल?" मी विचारतो, पाणी शेवटचं कधी घातलं? पलीकडे शांतता. मग कुणीतरी आतल्या खोलीत ओरडून विचारतं, "अगं, आपण बॅटरीत पाणी कधी घातलं होतं?" या प्रश्नाला नेमकं उत्तर देणारी माणसं मला आजवर बोटावर मोजण्याइतकी भेटली आहेत.

सगळ्यांत जुनी आणि लाडकी चूक म्हणजे इन्व्हर्टरच्या हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवणं. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका निवृत्त गुरुजींकडे हेच झालं. १५० एएचची उंच ट्युब्युलर बॅटरी, वय अडीच वर्षं. घरात दोन पंखे, चार एलईडी बल्ब आणि टीव्ही, म्हणजे साधारण २५० वॅटचा लोड. इन्व्हर्टरमधला तोटा धरला तर एवढ्या लोडला बॅटरीतून २५ अँपिअरच्या आसपास ओढले जातात. नव्या बॅटरीवर हे सगळं चार तास आरामात चालायला हवं. गुरुजींकडे घड्याळ लावून नऊ मिनिटं चाललं. दुकानदाराने नव्या बॅटरीचा भाव सांगून ठेवलेला होता. गुरुजींचं म्हणणं एकच, "अहो, अर्ध्या तासात हिरवा दिवा लागतो की! म्हणजे चार्ज तर पूर्ण होते. मग जाते कुठे?"

मेख त्या अर्ध्या तासातच आहे. १५० एएचची रिकामी बॅटरी १५ अँपिअरने भरली तरी दहा-बारा तास लागतात. ती अर्ध्या तासात भरली असं इन्व्हर्टर म्हणत असेल, तर ती भरलेली नाही, तिने घेणंच बंद केलंय. इन्व्हर्टरला आतलं काही दिसत नाही, त्याला फक्त टर्मिनलवरचं व्होल्टेज कळतं. बॅटरी वापरली की प्लेटांवर लेड सल्फेटचा मऊ थर बसतो आणि चार्जिंगमध्ये तो परत विरघळतो. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली राहिली की त्या थराचे कडक खडे होतात. यालाच सल्फेशन म्हणतात. अशा प्लेटेत करंट शिरत नाही, त्यामुळे व्होल्टेज पटकन वर चढतं, चार्जर हात आखडता घेतो आणि दिवा हिरवा होतो. लोड टाकला की तेच व्होल्टेज दगडासारखं खाली येतं. गुरुजींच्या बॅटरीवर लोड नसताना मीटर १२.४ दाखवत होता. दोन पंखे लावताच ११.७, आणि नवव्या मिनिटाला १०.५ वर इन्व्हर्टरने हात टेकले.

बुचं काढली. सहाही सेलचे, पाण्याची पातळी दाखवणारे तरंगते दांडे तळाला गेले होते. चार सेलमध्ये प्लेटांची डोकी पाण्याबाहेर होती आणि त्यांवर पांढुरकी झाक आली होती. इथे एक फसवणूक असते, ती नीट समजून घ्या. आधी येऊन गेलेल्या एका पोराने हायड्रोमीटर, म्हणजे अ‍ॅसिड किती घट्ट आहे ते दाखवणारी नळी, घालून "अ‍ॅसिड एकदम ओके आहे, बाराशे तीस" असं सांगितलं होतं. रीडिंग खरं होतं, अर्थ चुकीचा होता. पाणी उडून जातं, अ‍ॅसिड मागे राहतं. पातळी घटली की उरलेलं द्रव घट्ट होतं आणि हायड्रोमीटर उगाच चांगला आकडा दाखवतो. आटलेल्या आमटीची चव घेऊन मीठ बरोबर आहे म्हणण्यासारखंच ते. पाणी घालून, पूर्ण चार्ज करून मगच आकडा घ्यायचा, त्याआधीच्या आकड्याला मी वहीत जागा देत नाही.

मग इन्व्हर्टर भिंतीपासून ओढून मागची बाजू पाहिली. बॅटरीचा प्रकार निवडायचा छोटा स्विच एसएमएफवर, म्हणजे सीलबंद बॅटरीच्या सेटिंगवर होता. आधीची बॅटरी सीलबंद होती. नवी ट्युब्युलर बसवायला आलेल्याने वायरी जोडल्या, चहा घेतला आणि तो गेला. स्विचला कुणी हात लावला नाही. सीलबंद बॅटरीचं पाणी परत भरता येत नाही, म्हणून त्या सेटिंगला चार्जर सांभाळून, १३.८ च्या आसपास थांबतो. ट्युब्युलरला साधारण १४.४ पर्यंत न्यावं लागतं. कंपनीप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण फरक राहतोच. म्हणजे ही बॅटरी अडीच वर्षं अर्धपोटी होती. कमी चार्जिंगमुळे पाणीही हळू आटलं, म्हणून तर पाणी न घालता एवढे दिवस निभावलं. उलट चूकही तितकीच वाईट, कारण सीलबंद बॅटरी ट्युब्युलरच्या सेटिंगवर ठेवली तर ती आतून सुकते आणि फुगते.

दुरुस्तीची माझी पद्धत सांगतो. पुस्तकातली असेल-नसेल, माझ्या हाताला बसलेली आहे. आधी इन्व्हर्टर बंद, प्लग काढलेला, खिडकी उघडी, डोळ्यांवर चष्मा, आणि जवळपास विडी-सिगारेट किंवा उदबत्ती नको. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो, त्याला ठिणगी पुरते. मग प्लेटा जेमतेम बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर. आधीच मार्कापर्यंत भरलं तर चार्जिंगमध्ये पातळी वर येते, अ‍ॅसिड उतू जाऊन फरशी खातं, आणि उतू गेलेलं अ‍ॅसिड बॅटरीतून कायमचं कमी होतं. वरच्या मार्कापर्यंत भरायचं ते चार्जिंग झाल्यावर.

गुरुजींची बॅटरी मी दुकानात आणून वेगळ्या चार्जरवर ६ अँपिअरने लावली. सल्फेशन झालेल्या बॅटरीला जोरात करंट देऊन फायदा नाही, ती नुसती तापते. पाणी घालून थोडं चार्ज झाल्यावर खरे आकडे बाहेर आले. पाच सेल अकराशे पन्नास, एक अकराशे चाळीस. (हायड्रोमीटरवर १.१५० लिहिलेलं असतं, बाजारात त्याला अकराशे पन्नासच म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्युब्युलर पूर्ण भरल्यावर बाराशे चाळीसच्या आसपास येतात.) बारा तासांनी अकराशे पंच्याहत्तर, दुसऱ्या दिवशी बाराशे पाच. चाळीस तासांनी पाच सेल बाराशे पंचवीसवर आणि सहावा बाराशे पाचवर थांबला. तासातासाच्या तीन रीडिंगमध्ये आकडा हलला नाही की मी थांबतो, त्यापुढे नुसतं पाणी उकळतं. मधूनमधून तापमान पाहायचं. ५० अंशांकडे जायला लागली की बंद करून निवू द्यायची.

परत नेऊन बसवली, स्विच ट्युब्युलरवर केला आणि तोच लोड टाकला. दोन तास चाळीस मिनिटं. नवीसारखी झाली नाही, होणारही नव्हती. काही खडे कायमचे बसलेले असतात आणि काही माल प्लेटांवरून सुटून तळाला गाळ होऊन पडलेला असतो. पण नऊ मिनिटं कुठे आणि हे कुठे. यात दोन दिवस गेले. लोकांना मात्र दोन तासांत हवं असतं.

म्हणून ते दुसऱ्या लाडक्या चुकीकडे वळतात, पाण्याऐवजी अ‍ॅसिड. "थोडं ताजं अ‍ॅसिड टाकून बघू, ताकद येईल." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! अ‍ॅसिड कमी झालेलंच नसतं. ते प्लेटांवर सल्फेट होऊन अडकलेलं असतं आणि चार्ज झाल्यावर परत पाण्यात येतं. वरून आणखी घातलं की द्रव जास्त घट्ट होतं, दांडे टुणकन वर येतात, हायड्रोमीटर खूश होतो, दोन-चार दिवस बॅकअपही वाढल्यासारखा वाटतो. मग ते तेज अ‍ॅसिड प्लेटांच्या जाळ्या खायला लागतं. अशी बॅटरी माझ्याकडे आली की मी परत पाठवतो. द्रव सांडून गेलं असेल तरच अ‍ॅसिडचा विषय, आणि ते काम घरी करायचं नाही.

बॅटरी जिवंत करणाऱ्या गोळ्या, पावडरी, एप्सम सॉल्ट यांबद्दलही तेच. मीठ विरघळलं की हायड्रोमीटरचा आकडा वाढतो, त्यावरून बॅटरी भरली असं होत नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. आरओचं पाणी प्यायचं, बॅटरीत घालायचं नाही. त्यात क्षार उरतात, आणि लोखंडाचा अंश गेला तर बॅटरी नुसती उभी असतानाही उतरते. एसीचं ठिबकणारं पाणी फुकट मिळतं म्हणून लोक साठवतात, पण ते धातूच्या कॉइलवरून धूळ घेऊन येतं. पाच लिटरच्या डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनला जेवढे पैसे लागतात तेवढ्यासाठी मी ही काटकसर करत नाही. उन्हाळ्यात दीड महिन्याने, एरवी तीन महिन्यांनी दांडे पाहतो.

टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी आली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, थेंबही बुचातून आत जाऊ देऊ नका, पुसून नट घट्ट करा आणि पेट्रोलियम जेली लावा. निम्मा बॅकअप कधीकधी इथेच अडकलेला असतो.

गावाकडच्या लोकांनी आणखी एक पाहावं. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असेल आणि लाईनचं व्होल्टेज १८० च्या खाली जात असेल, तर त्याला ती लाईट गेल्यासारखीच वाटते आणि तो गुपचूप बॅटरीवर जातो. शेजाऱ्याचा बल्ब मिणमिणतोय आणि तुमच्या इन्व्हर्टरचा मेन्सचा दिवा विझलाय, तर हेच चाललंय. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की बॅटरी उपसली जाते, आणि रात्री खरी लाईट जाते तेव्हा ती रिकामी असते. कॉम्प्युटर जोडलेला नसेल तर मोड बदला, त्यात इन्व्हर्टर बराच कमी व्होल्टेज चालवून घेतो.

आता कधी हात जोडायचे तेही सांगतो. पूर्ण चार्जनंतर एखाद्या सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा पन्नासने मागे असेल, किंवा रात्रभर सुटी ठेवून मीटर १०.५ च्या आसपास दाखवत असेल, तर एक सेल शॉर्ट झालाय. कितीही चार्ज केलं तरी तो परत येत नाही. अशी बॅटरी चार्जिंगला ठेवणं धोक्याचं असतं. चार्जरला हवं ते व्होल्टेज कधी मिळतच नाही, तो करंट ढकलत राहतो आणि उरलेले पाच सेल उकळतात. डबा गरम लागला, सडक्या अंड्यांचा वास आला की आधी प्लग काढा, मग फोन करा. ही बॅटरी भंगारात द्यायची, आणि नवी बसवायला आलेल्या माणसाला सोडण्याआधी इन्व्हर्टर भिंतीपासून ओढून मागचा स्विच स्वतः पाहायचा.