'30 दिवसांत 10 किलो वजन कमी, खात्रीने' म्हणणारा कोच

आधी हिशोब करा. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. दहा किलोंचे 77,000, म्हणजे रोज सुमारे 2,550 कॅलरींची तूट. ज्या बाईचा दिवसभराचा एकूण खर्चच 1,800 कॅलरी आहे, तिने महिनाभर काहीही खाल्लं नाही तरी हे जमणार नाही. मग पहिल्या आठवड्यात काट्यावर तीन किलो कमी कसे दिसतात? भात-पोळी बंद केली की शरीरात साठलेलं ग्लायकोजेन हे साखरेचं इंधन संपत जातं आणि त्याच्यासोबतचं पाणी निघून जातं. जेवण पूर्ववत झालं की ते परत येतं. कोच मात्र तेवढ्यात 'रिझल्ट'चा फोटो टाकून मोकळा. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास सांगणारा माणूस कंटाळवाणा वाटेल, पण निवडावा तोच.

पैसे भरण्याआधी प्रमाणपत्र कुठल्या संस्थेचं ते विचारा. एसीई किंवा एनएएसएम अशा अमेरिकी फिटनेस संस्थेचं म्हणाला, तर कोचचं नाव त्या संस्थेच्या वेबसाइटवर तपासता येतं. नुसता पीडीएफ पुरेसा नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो तुम्हाला काय विचारतो. बीपी, शुगर, गुडघे, चालू औषधं, बाळंतपण यातलं काहीच न विचारता आहाराचा चार्ट पाठवला, तर तो सगळ्यांना तोच जातो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी घेणाऱ्याने असा, समजा 800 कॅलरींचा, चार्ट पाळला, तर शुगर धोकादायक खाली जाऊन घाम, थरथर, अगदी बेशुद्धीही येऊ शकते. अशांचा आहार डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनीच ठरवायचा. औषध बंद करायला सांगणाऱ्या कोचला तिथेच नमस्कार करा.