फूल ठेवायचे की वाहायचे? परदेशातील मराठी कुटुंबांसाठी एका पाठाची आखणी

परदेशात वाढलेल्या सात ते नऊ वर्षांच्या मुलाला समई, फूल, मोदक हे शब्द बहुधा ठाऊक असतात. तो अडखळतो तो क्रियापदापाशी. ‘मी देवाला फूल दिलं’ हे वाक्य चूक नाही, परंतु त्यात पूजा नाही, कारण मराठीत देवाला फूल वाहतात, गंध लावतात आणि नैवेद्य दाखवतात. म्हणून गणेशचतुर्थीपूर्वीच्या रविवारी घ्यावयाचा पंचेचाळीस मिनिटांचा हा पाठ याच क्रियापदांवर बेतावा.

प्रथम पालकांना थांबवून घ्यावे. मुलांना वर्गात सोडून निघून जाण्याची सवय असेल, तर त्यांना निमंत्रणातच ‘पाट, ताम्हन आणि घरचे निरांजन घेऊन या’ असे कळवावे. सभागृहात धुराची घंटा वाजण्याचा धोका असल्यास वात न पेटवताही आरती ओवाळता येते.

पहिली दहा मिनिटे पालकाने मुकाट्याने पूजेची मांडणी करावी आणि मुलाने प्रत्येक कृती आपल्या शब्दांत सांगावी. तो ‘फूल ठेवलं’ म्हणाला, तर त्याला लगेच टोकू नये. पालकाने तीच कृती पुन्हा करत ‘मी फूल वाहते’ एवढेच म्हणावे. त्यानंतर जागा बदलाव्यात: मुलाने ‘आई, गंध लाव’, ‘बाबा, नैवेद्य दाखवा’ असे सांगावे आणि पालकांनी सांगितले तेवढेच करावे. मुलाने ‘नैवेद्य दे’ म्हटले, तर वाटी सरळ त्याच्याच हातात द्यावी. हशा पिकतो आणि फरक ध्यानात राहतो.

पाठाचा सर्वांत नाजूक भाग विसर्जनाचा आहे, आणि त्याला पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. ‘देवाला पाण्यात का बुडवता?’ हा प्रश्न येणारच, आणि ‘आपली पद्धत आहे’ हे उत्तर मुलाला पुरत नाही. प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत देवत्वाचे आवाहन करतात, उत्तरपूजेनंतर मूर्ती जागेवरून किंचित हलवतात आणि मग मातीची मूर्ती पाण्यात सोडतात, हा क्रम छोट्या मातीच्या गोळ्यावर करून दाखवावा. ‘बुडवणे’ आणि ‘विसर्जन करणे’ यांतील अंतर तेव्हा मुलाला दिसते. निघताना मराठी माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, हेही येथेच सांगावे, म्हणजे ‘पुढच्या वर्षी लवकर या’ ही हाक त्याला नुसती घोषणा वाटणार नाही. आईवडिलांपैकी एकाची श्रद्धा वेगळी असेल, तर त्यांनी ‘आजी असे मानते’ असे प्रामाणिकपणे म्हणावे. मुलांना उसना भक्तिभाव चटकन ओळखू येतो.

आरती घडाघडा म्हणता आली, एवढ्यावरून पाठ उतरला असे मानू नये. पुढच्या रविवारी, पाठात न वापरलेल्या अक्षता मुलाच्या तळहातावर ठेवून ‘आता काय करशील?’ असे विचारावे. तो ‘वाहीन’ म्हणाला, तर त्याला क्रियापद कळले आहे. ‘टाकीन’ म्हणाला, तर मांडामांड पुन्हा करावी, या वेळी घरी, आजीला व्हिडिओ कॉलवर घेऊन.