जीएसटीआर-१ आणि ३बी यांतील तफावत: शिरोलीच्या एका फाउंड्रीला आलेली नोटीस आणि आमचे ताळमेळ पत्रक

कोल्हापुरात शाहूपुरीतील एका करसल्लागारांच्या कार्यालयात मी उमेदवारी करत असताना, जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात शिरोली एमआयडीसीतील एका छोट्या फाउंड्रीचे मालक नोटिशीची प्रिंट घेऊन आले. नोटीस २७ मेची होती. पण जीएसटी पोर्टलवर नोंदलेला ईमेल काम सोडून गेलेल्या जुन्या हिशेबनिसाचा असल्याने मालकांना ती नऊ दिवसांनी, तीही दुसऱ्याच कामासाठी लॉगिन केल्यावर दिसली. अशा नोटिसा Services > User Services > View Additional Notices/Orders या मार्गाने उघडतात आणि नवख्या माणसाचा हात सहसा तिथपर्यंत जात नाही, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

नोटीस एएसएमटी-१० नमुन्यातील होती, म्हणजे जीएसटी कायद्याच्या कलम ६१ खालील विवरणपत्रांच्या छाननीची. तिला एएसएमटी-११ मध्ये उत्तर देण्यासाठी जास्तीत जास्त तीस दिवस मिळतात, त्यामुळे आमच्या हातात २६ जूनपर्यंतचा वेळ होता. मजकूर थोडक्यात असा होता की, २०२३-२४ या वर्षात जीएसटीआर-१ या विक्रीचा बीजकवार तपशील देणाऱ्या विवरणपत्रात दाखवलेली करपात्र विक्री २,४६,८०,००० रुपये आहे, ३बी या कर भरण्याच्या विवरणपत्रात मात्र २,४१,३०,००० रुपयांवरच कर भरलेला आहे. मधल्या ५,५०,००० रुपयांवरील १८ टक्क्यांनी ९९,००० रुपये कर का भरला नाही, याचा बीजकांसह खुलासा करावा.

तफावत कोणत्या दिशेची आहे हे आधी पाहावे लागते. जीएसटीआर-१ मधील आकडा मोठा असेल तर ती आपणच दिलेली कबुली ठरते, कारण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कलम ७५(१२) च्या स्पष्टीकरणानुसार जीएसटीआर-१ मध्ये दाखवलेला पण ३बी मध्ये न भरलेला कर हा स्वतः आकारलेला कर मानला जातो आणि कारणे दाखवा नोटीस न काढताही त्याची वसुली सुरू होऊ शकते. आमच्याकडे आलेल्या नोटिशीने निदान खुलाशाची संधी दिली होती.

मी केलेला पहिला मसुदा एका पानाचा होता. वर्षाचे दोन आकडे, त्यांतील फरक, आणि त्याखाली ‘क्रेडिट नोटा व लिपिकीय चुका’ अशी एक ओळ. सरांनी तो न वाचताच परत दिला आणि म्हणाले, “फरक अधिकाऱ्यांनी काढलेलाच आहे की. तू त्यात काय घातलंस?” त्यानंतर तेच काम मी पुन्हा सुरुवातीपासून केले.

दोन विवरणपत्रे एकमेकांसमोर ठेवून ताळमेळ बसत नाही. त्यांच्या मध्ये विक्री रजिस्टर ठेवायचे असते, म्हणजे डावीकडे जीएसटीआर-१, उजवीकडे ३बी, आणि प्रत्येकाची तुलना फक्त रजिस्टरशी. हे बारा महिन्यांसाठी वेगवेगळे करायचे, कारण वर्षाच्या एकत्रित आकड्यात एका महिन्याची वाढ दुसऱ्या महिन्याच्या तुटीत लपते. रजिस्टर स्वतः बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी मी बीजकपुस्तकातील क्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासले आणि रद्द बीजकांच्या तिन्ही प्रती बघितल्या. दोन्ही विवरणपत्रांतून सुटलेले बीजक एरवी कुठल्याच तुलनेत सापडत नाही.

क्रेडिट नोटा वजा जाता रजिस्टरची वर्षाची विक्री २,४२,५०,००० रुपये निघाली. नऊ महिने तंतोतंत जुळले आणि तीन जुळले नाहीत.

नोव्हेंबरमध्ये ३बी रजिस्टरपेक्षा १,२०,००० रुपयांनी कमी होती. हिशेबनिसाने ७ डिसेंबरला टॅलीतून प्रिंट काढून ठेवली होती, २८ नोव्हेंबरचे एक बीजक ९ तारखेला टॅलीत चढले, ११ तारखेला भरलेल्या जीएसटीआर-१ मध्ये ते गेले, आणि ३बी मात्र जुन्याच प्रिंटवरून भरली गेली. हा कर खरोखरच भरायचा राहिला होता.

फेब्रुवारीत जीएसटीआर-१ रजिस्टरपेक्षा १,५०,००० रुपयांनी जास्त होता. ३१ जानेवारीचे बीजक जानेवारीत `SF/412` म्हणून गेले होते आणि त्याची दुसरी प्रत हाती आल्यावर फेब्रुवारीत `SF-412` म्हणून पुन्हा चढवले गेले होते. एकच क्रमांक दुसऱ्यांदा टाकला असता तर पोर्टलने अडवले असते, पण तिरकी रेघ आणि आडवी रेघ बदलली की पोर्टलच्या दृष्टीने ती दोन वेगळी बीजके होतात. या फाउंड्रीची उलाढाल पाच कोटींच्या आत असल्याने तिला ई-बीजक लागू नव्हते आणि सगळी नोंद हातानेच होत होती.

मार्चमध्ये जीएसटीआर-१ रजिस्टरपेक्षा २,८०,००० रुपयांनी जास्त होता. हा रिजेक्शनचा माल होता. मशीनिंग करताना कास्टिंगमध्ये ब्लो होल निघाले की गिऱ्हाईक माल परत पाठवते आणि फाउंड्री क्रेडिट नोट काढते. मार्चअखेरच्या अशा पाच क्रेडिट नोटा हिशेबनिसाच्या हाती १५ एप्रिलला आल्या. तोवर मार्चचा जीएसटीआर-१ भरून झाला होता, ३बी भरायची होती. म्हणून ३बी मध्ये त्या वजा झाल्या आणि जीएसटीआर-१ मध्ये पुढच्या, म्हणजे एप्रिलच्या विवरणपत्रात गेल्या. जुलै २०२४ च्या करकालावधीपासून जीएसटीआर-१ए ची सोय झाल्याने अशी सुटलेली नोंद आता त्याच महिन्यात घालता येते; तेव्हा ती सोय नव्हती.

पत्रकाचा गाभा मग एवढाच उरला:

| तपशील | रक्कम (रुपये) |
|---|---|
| जीएसटीआर-१ प्रमाणे विक्री | २,४६,८०,००० |
| वजा: दुबार नोंदलेले बीजक (फेब्रुवारी) | १,५०,००० |
| वजा: एप्रिलमध्ये दाखवलेल्या क्रेडिट नोटा (मार्च) | २,८०,००० |
| विक्री रजिस्टरप्रमाणे | २,४२,५०,००० |
| वजा: ३बी मध्ये राहिलेले बीजक (नोव्हेंबर) | १,२०,००० |
| ३बी प्रमाणे विक्री | २,४१,३०,००० |

वरून उतरत आलेला आकडा रजिस्टरला टेकून थेट ३बी वर पोहोचला, तेव्हा मला काम संपल्यासारखे वाटले. सरांनी पत्रक पाहिले, मान हलवली आणि विचारले, “उलटी नोंद कुठे आहे?”

या प्रकरणात मी जे शिकलो ते या प्रश्नात आहे. तफावत केवळ काळाच्या पुढेमागे होण्याने झाली आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तीच रक्कम नंतरच्या कोणत्या तरी महिन्यात उलट्या चिन्हाने दिसलीच पाहिजे. मार्चमध्ये ३बी २,८०,००० रुपयांनी कमी असेल, तर एप्रिल २०२४ मध्ये ती जीएसटीआर-१ पेक्षा तेवढ्याच रकमेने जास्त हवी. नाहीतर एकाच क्रेडिट नोटेचा फायदा दोनदा घेतला असा अर्थ होतो. एप्रिल काढून पाहिला, फरक नेमका २,८०,००० रुपयांचा होता. दुबार बीजक ऑगस्ट २०२४ च्या जीएसटीआर-१ मध्ये आधीच्या बीजकांच्या दुरुस्तीचा तक्ता ९ए वापरून शून्य केलेले होते. म्हणजे ऑगस्टची ३बी जीएसटीआर-१ पेक्षा १,५०,००० रुपयांनी जास्त असायला हवी होती, कारण त्या दुबार बीजकावर ३बी मध्ये कर मुळात कधी भरलेलाच नव्हता. प्रत्यक्षात दोन्ही आकडे अगदी सारखे निघाले. जीएसटीआर-१ वरून ३बी मध्ये आपोआप आलेला, दुरुस्तीमुळे कमी झालेला आकडा हिशेबनिसाने तसाच ठेवला होता आणि त्यामुळे ऑगस्टमध्ये २७,००० रुपये कर कमी भरला गेला होता.

नोटीस २०२३-२४ ची, आणि ही चूक २०२४-२५ मधली. मालक म्हणाले, “साहेब, विचारलेलंच नाही तर सांगायचं कशाला?” सरांचे म्हणणे असे पडले की, दुबार बीजकाचा खुलासा करताना ऑगस्टची दुरुस्ती पुरावा म्हणून दाखवावीच लागेल, आणि ती दाखवली की शेजारची ३बी अधिकारी पाहणारच. तेव्हा उत्तरापूर्वी आपणहून भरणे बरे. मालकांना ते पटायला चहाचे दोन कप लागले.

२० जूनला राहिलेला कर आपणहून भरण्याच्या डीआरसी-०३ नमुन्याचे दोन वेगळे अर्ज भरले. पहिला २०२३-२४ साठी, कारण ‘Scrutiny’, नोव्हेंबरच्या बीजकाचा कर २१,६०० रुपये. व्याज वार्षिक १८ टक्क्यांनी, २० डिसेंबर २०२३ या देय तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून भरण्याच्या दिवसापर्यंत ५४८ दिवसांचे, केंद्र व राज्य प्रत्येकी २,९१९, मिळून ५,८३८ रुपये. दुसरा २०२४-२५ साठी, कारण ‘Voluntary’, कर २७,००० रुपये आणि २० सप्टेंबर २०२४ नंतरच्या २७३ दिवसांचे व्याज ३,६३६ रुपये. कराची रक्कम क्रेडिट लेजरमधून वळती करता येते, व्याज मात्र रोखीच्या लेजरमधूनच जाते. तिथे शिल्लक नसेल तर आधी चलन भरावे लागते, आणि शेवटच्या दिवशी हे लक्षात आले तर फार धावपळ होते.

उत्तराचे पत्र आम्ही मराठीत लिहिले. प्रत्येक बाबीला एक परिच्छेद आणि प्रत्येक परिच्छेदाला एक जोडपत्र दिले. क्रेडिट नोटांच्या जोडपत्रावर सर्वाधिक वेळ गेला. नुसत्या पाच नोटा जोडून भागत नाही. माल खरोखर परत आला हे दिसावे लागते. म्हणून गिऱ्हाइकाची रिजेक्शन स्लिप, परतीचे चलन आणि फाउंड्रीच्या गेट रजिस्टरमधील आवक नोंद असा संच प्रत्येक नोटेमागे लावला. एक गोष्ट इथे आवर्जून तपासली: काही गिऱ्हाइके परतीचा माल स्वतःच्या कर बीजकावर पाठवतात, आणि तसे असेल तर फाउंड्री त्या बीजकाचे क्रेडिट घेते, वेगळी क्रेडिट नोट काढायची नसते. दोन्ही झाले तर कर दोनदा कमी होतो. आमच्या पाचही परती चलनावर आलेल्या होत्या. दुबार बीजकासाठी जानेवारी आणि फेब्रुवारीच्या नोंदी शेजारी शेजारी छापून, त्याखाली गिऱ्हाइकाचे एकदाच क्रेडिट घेतल्याचे पत्र लावले. ऑगस्टच्या तुटीचा परिच्छेद सरांनी स्वतः लिहिला: “सदर दुरुस्तीचा परिणाम ऑगस्ट २०२४ च्या ३बी मध्ये चुकीने कमी दायित्व म्हणून आला असून, ती रक्कम व्याजासह डीआरसी-०३ द्वारे भरलेली आहे.”

अधिकाऱ्यांनी फोन करून एकच गोष्ट मागवली, ती म्हणजे एप्रिल २०२४ ची विक्री रजिस्टरची पाने. ती आमच्या जोडपत्रात नव्हती. मी तिथे फक्त दोन विवरणपत्रे लावली होती. पाने दिली, आणि पुढच्या महिन्यात पोर्टलवर एएसएमटी-१२ दिसले, ज्यात खुलासा स्वीकारून पुढील कार्यवाही नसल्याचे नमूद होते. त्याच दिवशी मालकांच्या मुलाला बसवून पोर्टलवरचा जुना ईमेल आणि मोबाइल क्रमांक बदलून घेतला.