शब्दयादीवरून भाषांच्या फुटीचा काळ काढताना या चुका टाळा

दोन भाषांतील रोजच्या शब्दांची तुलना करून त्या केव्हा वेगळ्या झाल्या हे सांगण्याच्या पद्धतीला ग्लॉटोक्रोनॉलॉजी म्हणतात. मॉरिस स्वाडेश या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात ती मांडली. ‘डोळा’, ‘पाणी’, ‘मासा’, ‘दोन’, ‘मरणे’ असे मूलभूत अर्थ सर्व भाषांत साधारण एकाच वेगाने नवे शब्द घेतात, हे तिचे गृहीतक. त्याने आधी सुमारे २०० अर्थांची यादी केली आणि १९५५मध्ये ती १००वर आणली. हिशेब एका ओळीचा आहे:

```
t = ln(c) / (2 · ln(r))
```

यात `c` म्हणजे दोन भाषांत एकाच मुळापासून आलेल्या, म्हणजे सगोत्र शब्दांचे प्रमाण. `r` म्हणजे हजार वर्षांत टिकून राहणाऱ्या शब्दांचे प्रमाण. १०० शब्दांच्या यादीसाठी ते ०.८६ धरतात. `t` हजार वर्षांत मिळतो. फुटीनंतर दोन्ही भाषा स्वतंत्रपणे बदलतात, म्हणून छेदात २ आहे. तो विसरला तर काळ दुप्पट येतो. १००पैकी ७० शब्द सगोत्र असतील तर उत्तर सुमारे ११८० वर्षे येते. त्याच `c`साठी मोठ्या यादीचा ०.८०५ हा दर वापरला तर ८२० वर्षे. यादी एक आणि दर दुसरीचा, ही चूक सर्रास होते. बहुतेक चुका मात्र सूत्राच्या आधीच, यादी भरताना झालेल्या असतात.

दिसायला सारखे म्हणजे सगोत्र नव्हे

मराठी आणि हिंदीची यादी समोर ठेवा. ‘मासा’ आणि ‘मछली’ फारसे जुळत नाहीत, पण दोन्हींचे मूळ संस्कृत ‘मत्स्य’ या शब्दाशी जाते. म्हणून ते सगोत्र. ‘डोळा’ आणि ‘आँख’ सगोत्र नाहीत. उलट लॅटिन ‘दिएस’ आणि इंग्रजी ‘डे’ या दोन्हींचा अर्थ दिवस, उच्चारही जवळचे, तरी त्यांची मुळे वेगळी आहेत. म्हणून नुसत्या कानावर विसंबून खूण करू नका. दोन भाषांत नियमाने होणारे ध्वनिबदल आधी ठरवा आणि मगच सगोत्र कोण ते पाहा.

अर्थही तोच हवा. मराठीत ‘झाड’ आणि हिंदीत ‘पेड़’; हिंदीतही ‘झाड़’ आहे, पण तो झुडपासाठी. ‘झाड’ची जोडी हिंदी ‘झाड़’शी लावून गुण दिला तर ती फसवणूक होते. दोन्ही भाषांत त्या अर्थाचा सर्वांत साधा, रोजचा शब्द आधी लिहायचा आणि त्यानंतरच तुलना करायची. हा क्रम उलटला की माणूस जुळणारा शब्द शोधत बसतो.

तत्सम शब्दांचा प्रश्न

आपल्याकडे ही अडचण सर्वांत मोठी, आणि तिच्याकडे दुर्लक्षही सर्वाधिक होते. स्वाडेशच्या १००मध्ये सूर्य, चंद्र, पक्षी, रक्त, हृदय हे अर्थ आहेत. मराठी आणि हिंदी दोन्ही रकान्यांत हेच संस्कृत शब्द लिहिले तर पाच जोड्या आयत्या जुळतात. पण हे शब्द दोन्ही भाषांनी संस्कृतातून पुढे केव्हातरी उचलले आहेत. प्राकृताच्या वाटेने ते घासून आलेले नाहीत. समान पूर्वजाकडून मिळालेला वारसा म्हणून त्यांना मोजता येत नाही.

समजा अशा पाच जोड्यांसह ७५ जुळण्या झाल्या, तर उत्तर सुमारे ९५० वर्षे येईल. त्या पाच जोड्या ‘जुळत नाहीत’ अशा धरल्या तर ७०, म्हणजे ११८० वर्षे. यादीतूनच काढल्या तर ९५पैकी ७०, म्हणजे सुमारे १०१० वर्षे. तिन्ही निर्णय वेगळे आहेत आणि कोणता घेतला हे लेखात लिहिले नसेल तर त्या काळाला काही किंमत नाही. शक्य तिथे बोलीतला तद्भव शब्द शोधावा. पक्ष्यासाठी ‘पाखरू’ आहेच.

एका आकड्यावर थांबणे

१०० शब्द हा लहान नमुना आहे. `c` ०.७० असेल तर केवळ नमुन्याच्या चढउतारामुळे ९५ टक्के विश्वासाची मर्यादा साधारण ०.६१ ते ०.७९ येते. काळात सांगायचे तर सुमारे १६४० ते ७८० वर्षे. शिलाहारांपासून थेट वाकाटकांपर्यंत कुठेही बसेल असे हे उत्तर आहे. यात `r`ची अनिश्चितता अजून धरलेलीच नाही.

दर स्थिर मानणे

खरा वाद इथे आहे. हा दर निसर्गनियमासारखा मोजून मिळालेला नाही. रॉबर्ट लीस याने १९५३मध्ये १३ भाषांच्या जुन्या आणि नव्या रूपांची तुलना करून मोठ्या यादीसाठी सरासरी ०.८०५ काढली. त्या १३पैकी सहा जोड्या लॅटिन आणि तिच्या लेकी भाषांच्या होत्या: स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज, रुमानियन, कॅटलान. एकाच घरातल्या सहा उदाहरणांना सहा स्वतंत्र पुरावे म्हणता येत नाही.

१९६२मध्ये क्नूट बर्गस्लँड आणि हान्स फोग्ट यांनी दराची थेट परीक्षा घेतली. आइसलँडिक भाषेने जुन्या नॉर्सचे मूलभूत शब्द हजार वर्षांत सुमारे ९७ टक्के टिकवले होते. आई आणि लेक यांच्यातील अंतर असल्याने इथे छेदातला २ काढायचा, ०.८६ या दराने तो हजार वर्षांचा काळ अवघा २०० वर्षांचा ठरतो. त्याच जुन्या नॉर्सशी नाते असलेल्या नॉर्वेच्या पुस्तकी भाषेत बदल कितीतरी जास्त होता. बेटावरचा एकाकीपणा, जुन्या ग्रंथांचे सततचे वाचन, परकीय राजभाषेचा दाब अशा गोष्टींनी वेग बदलतो. सूत्राला त्यांतले काही दिसत नाही.

म्हणून दर वापरण्याआधी, काळ माहीत असलेल्या जोडीवर तो तपासावा. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. तेव्हापासूनच्या सुमारे ७३५ वर्षांत ०.८६ या दराने १००पैकी अंदाजे ९० शब्द टिकायला हवेत. मोजून पाहण्यासारखे आहे, पण दोन अडचणी ध्यानात ठेवाव्यात. ग्रंथ पद्य आहे, त्यामुळे त्यातला शब्द रोजचाच असेल असे नाही. आणि एकनाथांनी १५८४मध्ये त्याची प्रत शुद्ध केली. पाठपरंपरेतल्या अशा टप्प्यांवर जुने रूप जाऊन नवे आलेले असू शकते.

फूट एका दिवशी झाली असे मानणे

सूत्रात दोन भाषा एका क्षणी वेगळ्या होतात आणि नंतर एकमेकींना भेटत नाहीत. मराठी आणि हिंदीचे तसे झालेले नाही. विदर्भाकडून छत्तीसगडकडे जाताना बोली हळूहळू बदलत जातात, आणि बस्तरच्या हलबीत मराठी, छत्तीसगढी, ओडिया यांच्या खुणा एकत्र सापडतात. संपर्क चालू राहिला की शब्द सामायिक राहतात आणि `c` वाढतो. सूत्र मात्र त्याला ‘अलीकडे फुटल्या’ असे वाचते. अशा पट्ट्यात मिळालेला काळ फुटीचा नसतो, फार तर संपर्क किती राहिला याचा अंदाज असतो.

नव्या संगणकी पद्धतींनी वाद मिटला असे समजणे

आताच्या बेझियन पद्धती स्थिर दर धरत नाहीत. भाषांच्या वंशवृक्षातील प्रत्येक फांदीला वेगळा वेग देतात आणि ज्ञात तारखांनी तो वृक्ष बांधून घेतात. तरी ग्रे आणि अ‍ॅटकिन्सन यांना २००३मध्ये इंडो-युरोपीय कुळाचे वय सुमारे ७८०० ते ९८०० वर्षे मिळाले, आणि २०१५मध्ये चँग व सहकाऱ्यांना सुमारे ६५०० वर्षे. दुसऱ्या गटाने लॅटिनसारख्या काही जुन्या भाषा आजच्या भाषांच्या थेट पूर्वज आहेत अशी अट घातली होती. अशी अट नसेल तर त्या बाजूच्या फांद्या ठरू शकतात. बाजूची फांदी धरली की पूर्वज आणखी मागे ढकलला जातो. त्यामुळे असा निकाल वाचताना वर्षांचा आकडा पाहण्याआधी तीन गोष्टी शोधा: पूर्वजांबद्दल कोणती अट घातली, उसन्या शब्दांचे काय केले, आणि कोणत्या ज्ञात तारखांवर वृक्ष बांधला.