बारीक मनगटासाठी घड्याळ घेताना पुठ्ठ्याची पट्टी

ऑनलाइन घड्याळ घेताना आपण फक्त डायलचा व्यास बघतो, आणि हातात आल्यावर त्याची टोकं मनगटाच्या बाहेर लोंबतात. बारीक मनगटाला खरं माप लागतं ते ‘लग टू लग’चं. पट्टा ज्यात अडकतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची ही लांबी.

१. घड्याळ बसतं तिथल्या मनगटाची वरची सपाट रुंदी पट्टीने मोजा. घेर नको, घेर सारखा असला तरी कुणाचं मनगट चपटं असतं, कुणाचं गोल.
२. लग टू लगएवढी पुठ्ठ्याची पट्टी कापून मनगटावर आडवी ठेवा. दोन्ही कडांना दोन-तीन मिलिमीटर जागा उरली तर उत्तम.

लातूरला माझ्या भाचीसाठी असंच केलं. तिच्या मनगटाचा घेर १५ सेंटिमीटर, सपाट रुंदी ४८ मिलिमीटर. तिला आवडलेलं घड्याळ ४० मिलिमीटरचं, पण लग टू लग ४९. पट्टी बाहेर आली. मग ३८ चं घेतलं, लग टू लग ४४, छान बसलं. आकड्यात फरक दोनच मिलिमीटरचा, हातावर मात्र पाचाचा!

जाडी १० मिलिमीटरच्या आत असेल तर घड्याळ बाजूला कलंडत नाही, शर्टाच्या बाहीतही अडकत नाही.

एक लक्षात ठेवा: स्टीलच्या पट्ट्याची पहिली कडी वळत नसेल, तर तिची लांबीही लग टू लगमध्ये धरा. आणि पट्ट्याची छिद्रं दुपारी तपासा, आपल्याकडच्या उन्हात मनगट थोडं फुगतं.