मंडळाच्या परिपत्रकाचा सारांश काढताना या चुका टाळा

दहावी-बारावीच्या परीक्षा अर्जांचं परिपत्रक शाळेत आलं की कुणीतरी दोन मिनिटांत स्टाफच्या ग्रुपवर टाकतं : 'दहावी फॉर्म, शेवटची तारीख १५.' खाली अंगठ्यांची रांग लागते. मी हे वर्षानुवर्षं बघतोय आणि दरवर्षी चिडतो, कारण त्या परिपत्रकात तारीख एक नसते, किमान तीन असतात.

पहिली असते विद्यार्थ्यांचे अर्ज ऑनलाइन भरायची. दुसरी, शाळेने चलन डाउनलोड करून आरटीजीएस किंवा एनईएफटीने शुल्क भरायची. तिसरी, चलनाची प्रत आणि प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या अर्जांची तपासणी-यादी, विभागीय मंडळात जमा करायची. वर्गशिक्षकाचा संबंध पहिलीशी, लिपिकाचा दुसरीशी आणि मुख्याध्यापकांचा तिन्हींशी. सारांशात पहिलीच उरली की बाकी दोन कुणाच्याच नसतात.

आमच्या ओळखीच्या पुण्यातल्या एका शाळेत नेमकं हेच झालं. अर्ज वेळेत गेले, सगळे निवांत. मग मुदतवाढीचं पत्र आलं आणि नोटीस बोर्डावर लागलं : 'मुदत २५ पर्यंत वाढली.' प्रत्यक्षात ती वाढ राहिलेल्या विद्यार्थ्यांनी विलंब शुल्कासह अर्ज भरण्यासाठी होती. आधी गेलेल्या अर्जांचे पैसे भरायची तारीख २० होती, ती तिथेच होती. लिपिक २५ धरून बसले. चूक कळली तेव्हा १९ तारीख, शुक्रवारची दुपार. धनादेशावर संस्थेच्या ज्या पदाधिकाऱ्यांची सही लागते ते गावाला, आणि हातात उरला फक्त २० चा शनिवार. पुढचा आठवडा शिवाजीनगरला मंडळाच्या कार्यालयात विनंतीअर्ज घेऊन हेलपाटे घालण्यात गेला. मुलांचं नुकसान झालं नाही, पण मुख्याध्यापिकाबाईंचं बोलणं लिपिकांना एकट्यालाच खावं लागलं. बोर्डावर ते चुकीचं वाक्य लिहिणारे सर तेव्हा सहलीचं नियोजन करत होते.

म्हणून मुदतवाढीचं पत्र आलं की मी जुन्या सारांशात नुसता आकडा खोडत नाही. दोन्ही पत्रं शेजारी ठेवतो आणि प्रत्येक तारखेपुढे विचारतो : ही कुणासाठी वाढली? नियमित शुल्काची, विलंब शुल्काची की शाळेने पैसे भरायची? पत्र ज्या तारखेबद्दल गप्प आहे, ती जुनीच धरतो.

दुसरी माझी आवडती चूक 'मुख्याध्यापकांनी' या शब्दावर विसंबण्याची. परिपत्रक सगळं मुख्याध्यापकांच्या नावे लिहितं, कारण मंडळापुढे जबाबदार तेच. सारांशात तसंच उतरवलं तर कामं हलत नाहीत. प्री-लिस्टचंच घ्या. एका परिच्छेदात चार कामं दडलेली असतात. प्रिंट काढणं लिपिकाचं. जनरल रजिस्टरशी नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय ताडून बघणं वर्गशिक्षक आणि लिपिक दोघांनी मिळून, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बोट ठेवायचं. विद्यार्थ्याची सही वर्गशिक्षकाने घ्यायची. प्रत्येक पानावर सही-शिक्का मात्र मुख्याध्यापकांचाच. सारांश मी तक्त्यात काढतो, आणि त्यात या चार ओळी होतात. रकाने : तारीख, कोणी, काय, कोणता कागद. 'कोणी' मध्ये पदनाम चालत नाही, माणसाचं नाव लागतं. दोन वर्गशिक्षक असतील तर दोन ओळी.

शेवटच्या रकान्यात 'आवश्यक कागदपत्रे' असं लिहिणाऱ्याला मी तक्ता परत देतो. चलनाची प्रत, सह्यांची प्री-लिस्ट असं एकेक नाव हवं. नियमित, पुनर्परीक्षार्थी, श्रेणीसुधारवाले आणि १७ नंबरवाले खाजगी विद्यार्थी यांना एकाच ओळीत कोंबू नका.

बाकी चुका किरकोळ, पण होतात. फॉरवर्ड आलेलं परिपत्रक मागच्या वर्षीचं निघतं; जावक क्रमांक, दिनांक आणि परीक्षेचं वर्ष आधी बघा. शेवटचं पान न वाचणारे नवशिके असतातच, आणि दंडाची गोष्ट हमखास तिथेच असते. हॉल तिकिटाच्या पत्रात छपाईसाठी मुलांकडून वेगळे पैसे घेऊ नयेत ही ओळ असते. ती सारांशातून गळली की कुणीतरी वर्गणी गोळा करतं.

आणि मंडळाच्या तारखेच्या डावीकडे पेन्सिलने शाळेची तारीख लिहा. पैशांच्या कामाला मी बँकेचे चार दिवस मागे जातो, सुट्ट्या वगळून. मंडळाची २० असली की आमच्या तक्त्यात लिपिकांच्या नावापुढे १५ किंवा १६ असते, आणि सही करणारे पदाधिकारी त्या दिवशी पुण्यात आहेत ना, हे फोन करून विचारल्याची टिकही.